साभार परत, पण दार उघडे

मराठीत नकाराची भाषा मोठी गमतीची आहे. एखाद्याला नाही म्हणायचे तर आपण त्याला वाटाण्याच्या अक्षता लावतो, तोंडाला पाने पुसतो, कामावरून काढायचे झाले तर हाती नारळ देतो. अक्षता, पाने, नारळ हे सारे साहित्य मंगलकार्यातले, आणि त्याचा उपयोग मात्र माणसाला परत पाठवण्यासाठी. यात थट्टा आहेच, पण एक जुनी अडचणही आहे. समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणणे आपल्याला जड जाते. म्हणून आपण 'बघू' म्हणतो, 'कळवतो' म्हणतो, आणि कळवत नाही. ज्याने विचारले होते तो काही दिवस वाट पाहतो आणि न कळवण्यातूनच काय ते समजून घेतो.

लग्नाच्या बाजारात या अडचणीवर एक नामी उपाय सापडला होता. कांदेपोहे झाले, दुसरी बैठक झाली, देण्याघेण्याचेही सूर जुळत आले, आणि मग काही कारणाने नको असे ठरले, की निरोप जाई, 'पत्रिका जुळत नाही.' हा निरोप दोन्ही घरांना सोयीचा होता. दोष ग्रहांकडे गेला, मुलीकडे नाही आणि मुलाकडेही नाही. पण त्यात कुणी कुणाशी खरे बोललेले नसे, आणि ग्रह काही वर्षभराने बदलत नाहीत, म्हणून ते दार कायमचेच लागे. आजच्या निवड समित्या 'जागा एकच होती' असे लिहितात तेव्हा त्या पत्रिकेचेच काम करत असतात. जागा एकच होती हे खरे असते, पण ती दुसऱ्याला का दिली याचे ते उत्तर नसते.

या विषयाकडे आमचे लक्ष गेले ते पावसमुळे. रत्नागिरीहून वीसेक किलोमीटरवरचे हे गाव बाहेरच्यांना स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमुळे ठाऊक असते. तेथल्या एका सार्वजनिक वाचनालयाला अर्धवेळ ग्रंथपाल नेमायचा होता. मराठीचे प्राध्यापक म्हणून आम्हां दोघांना निवड समितीवर बोलावले होते. अर्ज फार नव्हते. पहिल्या बैठकीत कागदपत्रे पाहिली, दुसऱ्या वेळी मुलाखती झाल्या, आणि शेवटी उरलेल्या दोघांना एकेक दुपार वाचनालयात प्रत्यक्ष काम करायला सांगितले. एक होता रत्नागिरीचा तरुण. त्याने आधीच्या ठिकाणी पुस्तकांच्या नोंदी संगणकावर घेतल्या होत्या. दुसरी होती जवळच्याच गणेशगुळ्याची एक मुलगी. ती लहानपणापासून याच वाचनालयाची सभासद. ग्रंथालयशास्त्राचे प्रमाणपत्र दोघांकडेही होते.

त्या दुपारी तिने कुणी न सांगता मुलांच्या पुस्तकांचे कपाट उघडले. कोणती पुस्तके फाटली आहेत, कोणती बांधणी करून वाचतील, कोणत्या पुस्तकाची पाने इतकी गेली आहेत की ते दाखल नोंदवहीतून कमी करावे लागेल, अशी तीन भागांची यादी तिने करून दिली. समितीवरच्या कुणालाही ते कपाट इतके ओळखीचे नव्हते. तरीही निवड त्या तरुणाची झाली. साऱ्या पुस्तकांच्या नोंदी त्याच वर्षी संगणकावर घ्यायच्या, असे कार्यकारिणीने ठरवले होते, आणि ते काम त्याने केलेले होते. निर्णय योग्य होता असे आम्हांला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. आता प्रश्न एवढाच उरला की तिला कळवायचे कसे.

मोठ्या शहरात हा प्रश्न लहान असतो. तिथे नाकारलेला उमेदवार पुन्हा भेटत नाही. पावसला तो पुढच्या आठवड्यात एस.टी.च्या थांब्यावर भेटतो. इथे तर उमेदवार म्हणजे सभासदच. पत्र चुकले असते तर एक ग्रंथपाल मिळाली नाही एवढ्यावर ते थांबले नसते, एक वाचकही गेली असती, आणि मुलांच्या कपाटाकडे पाहणारे जे एकमेव माणूस सापडले होते तेही.

पहिला मसुदा कार्यवाहांनी केला. ते निवृत्त मुख्याध्यापक. जावक क्रमांक, दिनांक, विषय, आणि मग: 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, अर्धवेळ ग्रंथपाल या पदाकरिता घेण्यात आलेल्या मुलाखतीच्या अनुषंगाने आपली निवड होऊ शकलेली नाही. माहितीस्तव सादर.' या मसुद्यात असत्य काहीच नाही. पण त्याचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. 'कळविण्यात येते', 'घेण्यात आलेल्या', 'होऊ शकलेली नाही' या तिन्ही क्रियापदांना कर्ताच नाही. मुलाखत कुणी घेतली, निर्णय कुणी केला, कळवतो आहे कोण, काहीच सांगितलेले नाही. त्यातही 'होऊ शकली नाही' हा प्रयोग लबाड आहे. शक्यतेचे क्रियापद घातले की निवड करायची तर सर्वांची इच्छा होती, पण काहीतरी आड आले, असा भास होतो. वास्तविक काही आड आलेले नव्हते. समितीने दोघांना पाहिले होते आणि एकाला निवडले होते.

दुसरा मसुदा समितीवरच्या एका तरुण सदस्याचा. त्याला पहिला मसुदा कोरडा वाटला, आणि ते बरोबरच होते. त्याने लिहिले, 'तुमच्यासारखी गुणी, कष्टाळू आणि पुस्तकांवर प्रेम करणारी उमेदवार लाभणे हे आमचे भाग्य. तुमची मुलाखत सर्वांनाच अतिशय आवडली. परंतु काही अपरिहार्य कारणांमुळे या वेळी आपला योग जुळून येत नाही, याचे आम्हांला मनस्वी दुःख आहे. पुढच्या वेळी मात्र तुम्हीच!' हे वाचून आम्ही त्याला एकच विचारले. हे पत्र तू दुसऱ्या कुणा उमेदवाराला जसेच्या तसे पाठवू शकशील का? तो हसला आणि म्हणाला, शकेन. म्हणजे त्यात ती मुलगी कुठेच नव्हती. त्याहून मोठी अडचण शेवटच्या वाक्यात होती. 'पुढच्या वेळी तुम्हीच' हे वचन द्यायचा अधिकार समितीला नव्हता. पुढची जागा निघेल की नाही ठाऊक नव्हते. निघाली तर पुन्हा अर्ज मागवावे लागणार होते, आणि त्या वेळी समितीवर आम्ही असूच असेही नव्हते. असे दार उघडे दिसते, पण ते भिंतीवर रंगवलेले असते.

या दोन मसुद्यांच्या मधली वाट शोधताना साहजिकच आम्हांला संपादकांची आठवण झाली. साहित्याच्या विद्यार्थ्याला नकाराचे पत्र म्हटले की 'साभार परत' आठवते. या शब्दांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. 'साभार' म्हणजे आभारांसह. पण हे दोन शब्द इतक्या वेळा जोडीने आले की त्यातले आभार विरून गेले आणि नकार तेवढा उरला. लेखक हस्तलिखितासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट पाठवत. ते जाडजूड पाकीट परत आले की पोस्टमनच्या हातात पाहूनच काय ते कळे. उघडण्याची गरज नसे.

'सत्यकथा' १९८२ साली बंद झाली, पण तोवर श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाने या रिवाजाला दुसरे रूप दिले होते. कथा परत येई ती सूचनांसह. कुठे सैल पडली आहे, कोणते पात्र हातातून निसटले आहे, शेवट का पटत नाही, हे लेखकाला कळवले जाई आणि पुन्हा लिहून पाठवा म्हणून सांगितले जाई. परत आलेल्या पाकिटातच पुढच्या खर्ड्याची सुरुवात असे. आमच्या पिढीने हे ऐकले ते आदराने, आणि आमच्यातल्या कित्येकांना वाटते की नकाराचे आदर्श पत्र ते हेच.

पण ग्रंथपालपदाच्या पत्राला हा आदर्श जसाच्या तसा लावता येत नाही, आणि इथे थोडे थांबावेसे वाटते. संपादक परत करतो ती कथा असते, लेखक नव्हे. कथा दुरुस्त करता येते आणि दुरुस्त झालेली कथा त्याच अंकाला नाही तर पुढच्या अंकाला चालते. उमेदवाराच्या बाबतीत परत जातो तो माणूसच. त्याला 'तुमचा अमुक भाग सैल आहे' असे सांगणे म्हणजे सूचना राहत नाही, तो शेरा होतो. शिवाय शेवटच्या फेरीपर्यंत आलेल्या माणसात बहुधा दोष नसतोच. दोन योग्य माणसांपैकी एकाची योग्यता त्या वर्षीच्या कामाला जास्त जवळची असते, इतकेच. तेव्हा कारण द्यायचे ते माणसाचे नव्हे, कामाचे द्यायचे. 'तुम्हांला संगणकाचा अनुभव कमी आहे' आणि 'यंदा नोंदी संगणकावर घ्यायच्या असल्याने तो अनुभव आम्ही अधिक महत्त्वाचा मानला' ही दोन वाक्ये एकाच वस्तुस्थितीची आहेत. पहिल्यात उणीव तिची आहे, दुसऱ्यात निवड आमची आहे.

कारण किती द्यावे, याचा एक धडा इंग्रजी साहित्याच्या इतिहासातही आहे. १३ जुलै १९४४ रोजी टी. एस. एलियट यांनी फेबर अँड फेबर या प्रकाशनसंस्थेच्या वतीने जॉर्ज ऑर्वेल यांना 'अॅनिमल फार्म' नाकारल्याचे पत्र लिहिले. पत्र सौजन्याचे आहे. लेखनाची खरी तारीफ त्यात आहे, आणि हे पुस्तक जो काढील त्याच्याकडेच ऑर्वेल यांची पुढची पुस्तके जातील याची खंतही आहे. दार बंद करावेसे वाटत नाही, हे त्यातून स्पष्ट कळते. पण एलियट तेवढ्यावर थांबले नाहीत. त्या वेळच्या राजकीय परिस्थितीवर टीका करण्याचा हा योग्य दृष्टिकोन आहे याची आपल्याला खात्री वाटत नाही, असे त्यांनी लिहिले, आणि या गोष्टीला साम्यवादाची अधिक मात्रा नव्हे तर लोकहिताची अधिक चाड असलेली डुकरे हवी होती, अशा अर्थाचा युक्तिवादही केला. पुस्तक ऑगस्ट १९४५ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाने काढले. आज त्या पत्रातले सौजन्य कुणाला आठवत नाही, डुकरे तेवढी आठवतात. कारणाचा विस्तार केला की नकार वादाचा विषय होतो, आणि वादात वाचणारा आपली बाजू मांडू लागतो. एक वाक्यभर कारण पुरते. दुसरे वाक्य लिहिले की ते पहिल्याचे समर्थन होऊ लागते.

संबोधनावरही बरीच चर्चा झाली. समितीतले निम्मे लोक त्या मुलीला रस्त्यात 'तू' म्हणत. तिच्या आजोबांची आणि कार्यवाहांची जुनी ओळख. पत्रात 'तू' लिहिले असते तर ते आपुलकीचे वाटले असते, पण ज्या कामासाठी ती रीतसर अर्ज करून आली होती त्या कामातून तिला पुन्हा घरातल्या लहान मुलीच्या जागी बसवल्यासारखे झाले असते. 'आपण' लिहिले तर जावक क्रमांकाचा वास येत होता. शेवटी 'तुम्ही' राहिले. तसेच 'खेद' आणि 'दिलगिरी' यांचे. दिलगिरी चुकीबद्दल व्यक्त करतात आणि इथे चूक झालेली नव्हती. खेद समित्यांना होतो. वाईट वाटते ते माणसांना, पण वाईट आम्हांला किती वाटले हे तिला सांगून तिचे काय हलके होणार होते? ते वाक्यच आम्ही काढून टाकले.

अखेर जे पत्र गेले ते असे:

'नमस्कार. ग्रंथपालपदाच्या निवडीविषयी लिहीत आहोत. समितीने या पदासाठी दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. पुस्तकांच्या नोंदी यंदाच संगणकावर घ्यायच्या असल्याने त्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव आम्ही अधिक महत्त्वाचा मानला. बालपुस्तकांच्या कपाटाची तुम्ही केलेली यादी आम्ही जपून ठेवली आहे. आमच्याच कपाटात काय आहे ते आम्हांला तिच्यामुळे कळले. ती वापरायची झाली तर तुम्हांला विचारून वापरू. दिवाळीनंतर बालविभाग सुरू करण्याचा संस्थेचा विचार आहे, त्याला अजून मंजुरी मिळालेली नाही. जे ठरेल ते ३० नोव्हेंबरपर्यंत तुम्हांला कळवू. विभाग सुरू झाला तर तुम्ही अर्ज करावा अशी आमची इच्छा आहे. तीन वेळा येऊन दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार.'

खाली कार्यवाहांचे नाव आणि त्यांचा फोन नंबर होता, संस्थेचा शिक्का नव्हता.

या पत्रात 'परंतु' नाही, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. स्तुती आधी आली की वाचणारा 'परंतु'ची वाट पाहू लागतो आणि ती स्तुती त्याला ऐकूच येत नाही. निर्णय आधी सांगितला की पुढचे चांगले शब्द त्याला निवांतपणे वाचता येतात, कारण आता त्यांच्यापाठी काही दडलेले नसते. स्तुतीही एकाच गोष्टीची आहे, आणि ती गोष्ट दुसऱ्या कुणी केलेली नव्हती. यादी विचारून वापरू हे वाक्य एका सदस्याला अनावश्यक वाटले होते. पण नाकारलेल्या उमेदवाराने फुकट केलेले काम संस्थेने चुपचाप वापरून टाकले तर गोड शब्दांना काय अर्थ राहतो? आणि दार जेवढे उघडे होते तेवढेच लिहिले: विचार आहे, मंजुरी नाही, अमुक तारखेला कळवू, अर्ज करावा लागेल.

पाठवण्यापूर्वी ते पत्र आम्ही महाविद्यालयातल्या एका शिपाईमामांना वाचून दाखवले. त्यांना प्रकरण ठाऊक नव्हते. मग विचारले, मामा, हिला काम मिळाले का? का नाही मिळाले? आता तिने काय करायचे? तिन्ही उत्तरे त्यांनी न अडखळता दिली. दुसऱ्या मसुद्यावर मात्र ते म्हणाले होते, 'सर, हिला घेतलं की नाही घेतलं?'

आता वेळेचे. निवडलेला उमेदवार लेखी होकार देईपर्यंत दुसऱ्याला नकार कळवणे शहाणपणाचे नसते, कारण तो नाही म्हणाला तर याच दाराशी यावे लागते. पण तोवर दुसऱ्याला टांगून ठेवणेही बरे नव्हे. यावर उपाय एकच सापडला. शेवटच्या दुपारीच दोघांना तारीख सांगून ठेवली होती, आणि तरुणाला होकारासाठी त्या तारखेच्या आतली मुदत दिली होती. फोन करावा की लिहावे, हाही प्रश्न आला. फोनवर नकार ऐकणाऱ्याला लगेच काहीतरी बोलावे लागते, आणि आपल्याकडे ते 'हो हो, काही हरकत नाही' असेच बोलले जाते. दुःख झाले तर ते लपवायचे कामही त्याच्यावरच पडते. लिहिलेले एकट्याने वाचता येते. पत्र व्हॉट्सअॅपवर गेले, आणि तिथे जुन्या जाड पाकिटाचाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. संदेशाची पहिली ओळ बंद पडद्यावर दिसते, शेजारी बसलेल्यालाही दिसते. म्हणून पहिल्या ओळीत विषय आहे, निर्णय नाही. आणि पाठवले ते सायंकाळी, ती घरी असेल अशा वेळी.

दुसऱ्या दिवशी तिचे उत्तर आले. 'कळवल्याबद्दल आभार. यादी वापरा.' त्या शनिवारी ती नेहमीसारखी पुस्तक बदलायला आली, असे कार्यवाहांनी सांगितले.

बालविभागाला नोव्हेंबरात मंजुरी मिळाली नाही. अनुदानाचा हप्ता वेळेवर आला नव्हता. तारीख कार्यवाहांच्या नोंदवहीत लिहिलेली होती, म्हणून २९ नोव्हेंबरला त्यांनी तिला दोन ओळी पाठवल्या: यंदा विभाग होत नाही, मार्चच्या सभेत विषय पुन्हा ठेवणार आहोत, त्यानंतर कळवू. सांगण्यासारखे काहीच घडलेले नसताना पाठवलेला हा निरोप आम्हांला पहिल्या पत्राइतकाच मोलाचा वाटतो. तो गेला नसता तर पहिल्या पत्रातले 'कळवू' हेही आपल्या नेहमीच्या 'कळवतो'मध्येच जमा झाले असते.

मार्चच्या सभेत मंजुरी मिळाली तेव्हा अर्ज मागवले गेले. तोवर तिला रत्नागिरीत दुसरे काम मिळाले होते. तिने अर्ज केला नाही. पण आपल्या गावातल्या एका मैत्रिणीला तिने तो करायला लावला, आणि तिच्यासोबत कपाटाच्या यादीची नवी प्रतही पाठवली. मधल्या काळात बांधून आलेल्या पुस्तकांपुढे तिने खुणा केल्या होत्या.